बारांतून सहा निघत नाहीत

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’च्या शेवटी ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. इ.स. ११५० च्या या ग्रंथात ते विचारतात, की शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चार आयुधे हरीच्या चार हातांत वेगवेगळ्या रीतीने दिली तर किती मूर्ती होतील. उत्तर आहे २४. केशव, नारायण, माधव, गोविंद ही आपल्याला पाठ असलेली चोवीस नावे याच चोवीस मूर्तींची आहेत. पुढे दहा आयुधांच्या शंभूचाही हिशेब आहे. तो छत्तीस लाखांच्या पार जातो, पण आपल्याला हरीचे चारच हात पुरेत.

भास्कराचार्यांनी मूर्ती मोजल्या. त्यानंतर सहाशे वर्षांनी युरोपातल्या गणितज्ञांनी त्याच मांडण्यांबद्दल वेगळा प्रश्न धरला: एका मूर्तीतून दुसऱ्या मूर्तीत जाण्यासाठी जी फेरमांडणी करावी लागते, तिला लागून दुसरी फेरमांडणी केली तर काय होते? मोजायच्या वस्तू आता मूर्ती नाहीत, कृती आहेत. आणि दोन कृती एकापाठोपाठ केल्या की तिसरी कृती मिळते. या कृतींच्या जगात एक गोष्ट अशी आहे, जी पहिल्यांदा ऐकली की खटकतेच. चोवीसपैकी नेमक्या अर्ध्या, म्हणजे बारा फेरमांडण्यांचा एक सुंदर गट बनतो. सहा हा बाराचा नेमका अर्धा. तरीही त्या बारांतून सहा जणींचा, आपल्यापुरता पूर्ण असा लहान गट कोणत्याही रीतीने वेगळा काढता येत नाही. का, ते पाहू.

आयुधांची पहिली अक्षरे घेऊ: श, च, ग, प. फेरमांडणी म्हणजे कोणत्या अक्षराच्या जागी कोणते अक्षर लिहायचे याचा नियम. ‘श→च→ग→श’ असे लिहिले तर अर्थ असा, की श असेल तिथे च लिहा, च असेल तिथे ग, ग असेल तिथे श, आणि प ला हात लावू नका. अशा कृतीला आपण फेरा म्हणू. दुसरी एक कृती अशी: श आणि च एकमेकांच्या जागी, ग आणि प एकमेकांच्या जागी. हिला दुहेरी अदलाबदल म्हणू.

कोणतीही फेरमांडणी एका वेळी दोनच अक्षरांची अदलाबदल करत करत साधता येते. किती अदलाबदली लागतील हे करणाऱ्यावर अवलंबून असते. एखादा दोनांत काम उरकेल, दुसरा फिरून फिरून सहांत. पण ती संख्या सम की विषम, हे मात्र फेरमांडणीच ठरवते. त्यात करणाऱ्याचे काही चालत नाही. दोनांत होणारी गोष्ट तीनांत कधीच होत नाही. ज्यांना सम संख्या लागते त्या सम फेरमांडण्या. काहीच न बदलणे ही त्यांतली पहिली, कारण शून्य ही सम संख्या. तिघांचा फेरा दोन अदलाबदलींत होतो, म्हणून तोही सम. स्वस्थ राहणारे अक्षर चारांपैकी कोणतेही असू शकते आणि उरलेल्या तिघांना दोन दिशांनी फिरवता येते, म्हणून फेरे आठ. दुहेरी अदलाबदली तीन, कारण चौघांच्या दोन जोड्या तीनच रीतींनी लागतात: प ची जोडी श बरोबर, च बरोबर किंवा ग बरोबर. एक, आठ आणि तीन, एकूण बारा. चार अक्षरांतली साधी एकेरी अदलाबदल आणि चौघांचा मोठा फेरा या विषम बाजूच्या फेरमांडण्या. त्यांना आपल्या बारांत जागा नाही.

सम आणि सम मिळून समच होते, आणि सम कृती उलटवली तरी ती समच राहते. म्हणून या बारा जणींतल्या कोणत्याही दोघी एकापाठोपाठ केल्या तरी आपण बारांच्या बाहेर जात नाही. हाच गट. गटाच्या आतला उपगट म्हणजे त्यांतल्या काहींचा असा संच, की ज्याला हीच अट लागू आहे: आतल्या दोघींची जोड आत, प्रत्येकीची उलटी कृती आत, आणि ‘काहीच न बदलणे’ आत.

लाग्रांज यांच्या नावाचा सिद्धांत सांगतो, की उपगटातल्या कृतींची संख्या मोठ्या गटाच्या संख्येला निःशेष भागतेच. म्हणून बारांच्या आत पाचांचा किंवा आठांचा उपगट शोधत बसण्यात अर्थ नाही. एक, दोन, तीन, चार, सहा, बारा एवढेच आकार संभवतात. यांतले एक आणि बारा तर आहेतच. एक दुहेरी अदलाबदल आणि ‘काहीच नाही’ मिळून दोघींचा उपगट होतो. एक फेरा, त्याचा उलटा फेरा आणि ‘काहीच नाही’ मिळून तिघींचा. तिन्ही दुहेरी अदलाबदली आणि ‘काहीच नाही’ मिळून चौघींचा. विद्यार्थी इथवर आला की सहाच्या पुढे डोळे मिटून बरोबरची खूण करतो. सिद्धांताने मात्र तसे वचन दिलेले नाही. भाग जात नसेल तर उपगट नाही, एवढेच त्यात आहे. भाग जातो तिथे उपगट असेलच, हे आपण आपल्या मनाने जोडलेले असते.

मग सहा जणींचा उपगट बांधायला घेऊ. पहिली नजर स्वाभाविकपणे जाते ती प ला स्थिर ठेवून उरलेल्या तिघांच्या फेरमांडण्यांकडे. त्या खरोखर सहा आहेत, आणि चोवीसांच्या मोठ्या गटात त्यांचा चांगला उपगट आहे. पण त्या सहांतल्या तीन एकेरी अदलाबदली विषम आहेत. सम बाजूला आलो की त्या गळून पडतात आणि हाती तिघीच उरतात. दुसरा मार्ग असा, की एकच अशी कृती शोधायची जी सहा वेळा केल्यावर पूर्ववत होते. तिच्या आवृत्तींचाच सहांचा उपगट झाला असता. पण अशी कृती बनवायला एक तिघांचा फेरा आणि त्याच्यापासून अलग एक जोडी लागते, म्हणजे निदान पाच अक्षरे. आपल्याकडे चारच आहेत.

हे झाले दोन ठरावीक रस्ते. आता कोणताही रस्ता उरू नये अशा रीतीने शोधू. आपल्या काल्पनिक सहा जणींत ‘काहीच नाही’ धरून पाच जागा उरल्या. फेरे नेहमी जोडीने येतात, कारण फेरा आला की त्याचा उलटा फेराही घ्यावा लागतो. म्हणून फेऱ्यांची संख्या सम, आणि पाचांतली उरलेली संख्या, म्हणजे दुहेरी अदलाबदलींची, विषम: एक किंवा तीन. म्हणजे निदान एक दुहेरी अदलाबदल आत आहेच. आणि दुहेरी अदलाबदली मुळात तीनच असल्यामुळे पाच जागा भरायला निदान एक फेरा लागतोच. तेव्हा सहा जणींच्या कोणत्याही उपगटात एक फेरा आणि एक दुहेरी अदलाबदल एकत्र नांदायला हवी.

नांदतात का, ते पाहायला अक्षरांची नावे सोयीने ठेवू. फेऱ्यात जे अक्षर स्थिर आहे त्याला प म्हणू. दुहेरी अदलाबदलीत प ज्याच्याशी जोडला आहे त्याला ग म्हणू. फेऱ्यात ग नंतर येणारा श, त्याच्या नंतरचा च. असे केले की कोणतीही निवड असो, फेरा श→च→ग→श असाच दिसतो आणि अदलाबदल श–च, ग–प अशीच.

आता आधी फेरा आणि मग अदलाबदल करू. श चा च होतो, आणि तो च परत श होतो. श जागेवर आला. च चा ग, त्या ग चा प. ग चा श, त्या श चा च. प फेऱ्यात तसाच राहतो, मग त्याचा ग होतो. म्हणजे निघाले च→प→ग→च: एक नवाच फेरा, ज्यात श स्थिर आहे. क्रम उलटा करू, आधी अदलाबदल आणि मग फेरा. श चा च, त्याचा ग. च चा श, त्याचा पुन्हा च. ग चा प, तो प च राहतो. प चा ग, त्याचा श. निघाले श→ग→प→श: आणखी एक फेरा, ज्यात च स्थिर आहे. तिन्ही फेऱ्यांत स्थिर राहणारी अक्षरे वेगवेगळी असल्यामुळे हे फेरे वेगवेगळे आहेत याबद्दल शंका नको. त्यांचे उलटे फेरेही घ्यावे लागतील. म्हणजे सहा फेरे, एक अदलाबदल आणि ‘काहीच नाही’ मिळून आत्ताच आठ जणी जमल्या. सहांची मर्यादा ओलांडली गेली. लाग्रांजच्या नियमाने आठांवर थांबताही येत नाही. आठ किंवा अधिक आणि बाराला भागणारी संख्या एकच, ती म्हणजे बारा. एक फेरा आणि एक दुहेरी अदलाबदल शेजारी ठेवली, की त्या सगळा गट ओढून आणतात.

इथे सिद्धता पूर्ण झाली. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही ती पडताळू शकतो, आणि ज्याने एकदा तरी ही अक्षरे स्वतः फिरवून पाहिली नाहीत त्याच्या मनात ती पक्की बसत नाही असे मला वाटते. तरी या रीतीत एक उणीव राहते. सहा जमत नाहीत हे कळले, पण अडते कुठे हे नीट दिसले नाही. ते दिसते ‘अर्धा’ या शब्दाकडे लक्ष दिले की.

समजा, कोणत्याही गटात बरोबर अर्ध्या आकाराचा उपगट आहे. आतला अर्धा आणि बाहेरचा अर्धा अशी सरळ फाळणी झाली. बाहेरची एक कृती घ्या. ती आधी करून मग आतली प्रत्येक कृती करा. अशा जितक्या जोडण्या होतील त्या सगळ्या बाहेरच पडतात. कारण एखादी आत आली असती, तर तिच्यामागे आतल्या कृतीची उलटी कृती लावून आपली बाहेरची कृतीही आत आहे असे निघाले असते. शिवाय या जोडण्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत आणि बाहेरचा अर्धा त्यांनीच पुरता भरतो. आता प्रश्न असा, की बाहेरची ती कृती दोनदा केली तर कुठे जाऊ? बाहेर गेलो असे म्हणावे, तर ‘ती कृती आणि मग तीच कृती’ ही जोडणी ‘ती कृती आणि मग आतली कुठलीतरी कृती’ याच्याबरोबर असायला हवी. दोन्हीकडची पहिली कृती काढून टाकली की बाहेरची कृती आतलीच निघते. हा विरोधाभास आहे. म्हणून बाहेरची कृती दोनदा केली की आपण आत येतो. आतली दोनदा केली तर आत राहतोच. थोडक्यात, उपगट बरोबर अर्धा असेल तर कोणतीही कृती दोनदा केल्याचे फळ त्यात असलेच पाहिजे.

आता आपल्या फेऱ्यांकडे पाहा. श→च→ग→श हा फेरा दोनदा केला तर श चा ग होतो, ग चा च, च चा श. म्हणजे तोच फेरा उलट्या दिशेने. तेव्हा प्रत्येक फेरा हा आपल्या उलट्या फेऱ्याची दोनदा केलेली आवृत्ती आहे. आठही फेरे ‘दोनदा केल्याचे फळ’ आहेत. म्हणून आठही फेरे त्या सहांच्या उपगटात असायला हवेत, आणि त्यांच्या बरोबर ‘काहीच नाही’ ही. सहांच्या घरात नऊ.

याच कसोटीने पाहिले तर बारांचे सगळेच गट असे हट्टी नाहीत हेही समजते. घड्याळाचे तास घ्या: पुढे इतके तास सरकवणे ही कृती. बारा कृतींचा हाही गट आहे. इथे प्रत्येक कृती दुप्पट केली की दोन, चार, सहा, आठ, दहा, बारा हेच तास मिळतात. बरोबर सहा, आणि त्यांचाच उपगट होतो. बारा कृतींचे गट रचनेच्या दृष्टीने एकूण पाच प्रकारचे आहेत. त्यांतल्या चारांत सहांचा उपगट सापडतो. फक्त आपल्या सम फेरमांडण्यांच्या गटात सापडत नाही.

बारापेक्षा लहान गटांत असे कधी घडत नाही, यालाही कारण आहे. नॉर्वेतल्या लुडविग सीलो या शाळाशिक्षकाने १८७२ मध्ये सिद्ध केले, की भागणारी संख्या एकाच मूळ संख्येचा घात असेल, म्हणजे २, ३, ४, ५, ७, ८, ९ अशी, तर त्या आकाराचा उपगट नक्की असतो. त्या हमीच्या बाहेर राहणारी पहिली संख्या सहा. सहांच्या गटात सहांचा उपगट म्हणजे तो गटच. त्यानंतर सहाने भाग जाणारी पुढची संख्या बारा. म्हणजे अडचण येऊ शकेल अशा पहिल्याच ठिकाणी ती आली आहे.

ऐतिहासिक दृष्ट्या मात्र हे उदाहरण पहिले नव्हते. बर्लिनमध्ये असताना १७७०–७१ च्या सुमारास लाग्रांज समीकरणांच्या मुळांची अक्षरे फिरवून पाहत होते. भागाकाराचा नियम त्यातून आला, आणि त्यांच्यासमोर तेव्हा गट अशी कल्पनाही नव्हती. इटलीतले पाओलो रुफिनी, जे वैद्यही होते, यांनी १७९९ मध्ये पाच अक्षरांच्या १२० फेरमांडण्यांत १५, ३० किंवा ४० जणींचा उपगट नसतो हे दाखवले. या तिन्ही संख्यांनी १२० ला भाग जातो. पाच घातांचे समीकरण वर्गमुळे, घनमुळे वगैरेंनी सुटत नाही, हे सिद्ध करण्याच्या त्यांच्या खटपटीत हा शोध हाती आला.

आपल्या बारांचाही समीकरणाशी असाच जुना संबंध आहे. चौथ्या घाताचे समीकरण लोदोविको फेरारी यांनी सोडवले आणि ते १५४५ मध्ये कार्दानो यांच्या ग्रंथात छापले गेले. त्या रीतीत एक विचित्र टप्पा आहे: चौथ्या घाताचे समीकरण सोडवण्यासाठी आधी तिसऱ्या घाताचे एक समीकरण सोडवावे लागते. चार म्हणजे दोन गुणिले दोन. मग एकदा वर्गमूळ, पुन्हा एकदा वर्गमूळ, एवढ्यात काम का होऊ नये? एका उदाहरणात हे पाहू.

x⁴ + 8x + 12 = 0

हे समीकरण घ्या. याच्या चार मुळांना आपली श, च, ग, प हीच नावे देऊ. मुळांमधल्या फरकांचा गुणाकार केला, तर कोणताही विषम बदल त्याचे चिन्ह उलटवतो आणि सम बदल ते तसेच ठेवतो. इथे त्या गुणाकाराचा वर्ग ३३१७७६ येतो, म्हणजे ५७६ चा वर्ग. गुणाकार स्वतः साधी पूर्णसंख्याच असल्यामुळे तो बदलून चालणार नाही, म्हणून मुळांच्या विषम फेरमांडण्या बाद होतात. उरतात त्या सम बाराच, आणि या समीकरणाच्या बाबतीत त्या सगळ्या लागतात. एव्हारिस्त गाल्वा यांनी दाखवलेली गोष्ट अशी, की समीकरण सोडवताना वाटेत लागणारा प्रत्येक टप्पा म्हणजे या गटातला एकेक उपगट. एक मूळ हाती आले, याचा अर्थ ते मूळ स्थिर ठेवणाऱ्या तिघी उरल्या. बारांपासून तिघींपर्यंत दोन वर्गमुळांनी यायचे, तर मध्ये एक मुक्काम हवा: आधी बारांचे अर्धे, मग त्याचे अर्धे. तो मुक्काम म्हणजेच सहा जणींचा उपगट. तो नाही. म्हणून या समीकरणाचे कोणतेही मूळ केवळ वर्गमुळांच्या आधाराने गाठता येत नाही, वर्गमुळे दोन घ्या की दोनशे.

जी वाट उघडी आहे ती बारांवरून चौघींकडे जाते, तिन्ही दुहेरी अदलाबदलींच्या उपगटाकडे. बारा भागिले चार म्हणजे तीन, आणि म्हणून तिथे तिसऱ्या घाताचे समीकरण लागते. चार मुळांच्या दोन जोड्या लावून श×च + ग×प अशी बेरीज केली, तर जोड्या तीन रीतींनी लागत असल्यामुळे तिच्या किमती तीन येतात. लाग्रांज यांनी याच बेरजेवर बोट ठेवले होते. आपल्या समीकरणात या तीन किमती y³ − 48y − 64 = 0 या समीकरणाची मुळे आहेत. y च्या जागी 4z घातले की ते z³ − 3z − 1 = 0 होते, आणि त्याची मुळे 2cos20°, 2cos140° आणि 2cos260° आहेत. ६० अंशांच्या कोनाचे पट्टी आणि कंपासने तीन समान भाग करायला निघालेल्याला जे समीकरण आडवे येते, तेच हे. ते काम पट्टी-कंपासने होत नाही, हे प्येर वांत्झेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केले.